गल्लीत दिवे किती, आणि पैसे कुणाचे?

इंदूरच्या नव्या कॉलन्यांत एक मधला काळ असतो. कॉलनायझर प्लॉट विकून मोकळा झालेला असतो, लोक घरं बांधून राहायला आलेले असतात, पण कॉलनी अजून नगर निगमाकडे हस्तांतरित झालेली नसते. तोवर रस्त्यावरचे दिवे, चौकीदार, बागेतलं पाणी, सगळं रहिवासी संघाच्या वर्गणीवर चालतं. म्हणजे चालायला हवं असतं. प्रत्यक्षात गल्लीत एखाद-दुसरा दिवा लागतो, बाकी अंधार, आणि दर बैठकीत तेच वाक्य ऐकू येतं: "लोकांना पडलेलीच नाही."

हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. लोकांना दिवे हवे असतात, आणि त्यासाठी पैसे मोजण्याइतके हवे असतात. तरीही ते लागत नाहीत. असं का होतं, आणि खरं तर किती दिवे लागायला हवेत हे शोधायचं कसं, हे दोन प्रश्न अर्थशास्त्रात एकमेकांना बांधलेले आहेत. मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकलेल्यांनाही दुसऱ्या प्रश्नातली "उभी बेरीज" अनेकदा नुसती आकृती म्हणून पाठ असते. म्हणून इथे आकृती बाजूला ठेवून एकाच गल्लीचा हिशेब शेवटपर्यंत करू.

गल्लीत तीन घरं धरा. पहिल्या घरात एक आजी राहतात, संध्याकाळी देवळात जाऊन येतात. दुसऱ्या घराच्या खाली काकांचं किराणा दुकान आहे. तिसऱ्या घरात एक ताई दहावीच्या शिकवण्या घेतात, मुलं रात्री साडेआठला सुटतात. खांबावरचा एक दिवा चालवायचा म्हणजे वीज, दुरुस्ती आणि बसवण्याच्या खर्चाचा हप्ता मिळून महिन्याला ५०० रुपये, असं समजू. हा आकडा आणि पुढचेही सगळे आकडे मी हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून घेतलेले आहेत. कॉलनीतल्या खऱ्या बिलाशी ते ताडून पाहू नका.

रस्त्यावरच्या दिव्याचे दोन गुण इथे कामाचे आहेत. पहिला: आजी उजेडात चालल्या म्हणून ताईंच्या विद्यार्थ्यांसाठी उजेड कमी पडत नाही. एकाने वापरला तरी दुसऱ्याला तेवढाच उरतो. दुसरा: ज्याने वर्गणी दिली नाही त्याच्या पायाखाली अंधार आणि दिलेल्याच्या पायाखाली उजेड, अशी सोय करता येत नाही. हे दोन्ही गुण ज्या वस्तूत असतात तिला सार्वजनिक वस्तू म्हणतात. सरकारने पुरवली म्हणून ती सार्वजनिक होत नाही. सरकारी दुकानातलं धान्य खासगी वस्तूच असतं, कारण तुमच्या पिशवीतला गहू माझ्या पिशवीत नसतो. उलट काकांनी स्वतःच्या खर्चाने रस्त्यावर लावलेला दिवा सार्वजनिक वस्तू असतो, भले मीटर त्यांच्या नावावर असो.

आता प्रत्येकाला दिवे किती मोलाचे वाटतात ते मांडू. एक गोष्ट मात्र आधी नीट लक्षात घ्यायला हवी. "तुम्हाला दिव्यांसाठी किती द्यावेसे वाटतात?" असं मोघम विचारून चालत नाही. विचारायचं असं: एकही दिवा नसताना पहिल्या दिव्यासाठी महिन्याला जास्तीत जास्त किती द्याल? एक लागलेला असताना दुसऱ्यासाठी? दोन असताना तिसऱ्यासाठी? मिट्ट काळोखातला पहिला दिवा मोलाचा असतो, पाचवा त्यामानाने चैनीचा. म्हणून प्रत्येकाचा आकडा उतरत जातो.

| दिवा | आजी | काका | ताई | तिघांची बेरीज |
|---|---|---|---|---|
| पहिला | ३०० | ६०० | ४०० | १३०० |
| दुसरा | २५० | ४५० | ३५० | १०५० |
| तिसरा | २०० | ३०० | ३०० | ८०० |
| चौथा | १५० | १५० | २५० | ५५० |
| पाचवा | १०० | ० | २०० | ३०० |
| सहावा | ५० | ० | १५० | २०० |

काकांचा आकडा सुरुवातीला सगळ्यांत मोठा आहे, कारण दुकानासमोर अंधार असेल तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. पण तो झपाट्याने उतरतो. चार दिव्यांनंतर त्यांना आणखी उजेडाचं काही नाही. ताईंचा आकडा मध्यम आहे, पण हळूहळू उतरतो. मुलं गल्लीच्या टोकापर्यंत जातात, त्यामुळे लांबचा दिवाही त्यांना महत्त्वाचा वाटतो.

शेवटचा रकाना सध्या झाकून ठेवा आणि प्रत्येकाला आपापलं ठरवू द्या.

काका विचार करतात: पहिला दिवा मला ६०० चा, खर्च ५००. लावला पाहिजे. ते लावतात. दुसरा? मला ४५० चा, खर्च ५००. नको. इथे काका थांबतात. आता ताईंची पाळी. गल्लीत एक दिवा आधीच आहे, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न दुसऱ्या दिव्याचा आहे. त्यांच्या लेखी तो ३५० चा, खर्च ५००. नको. आजींच्या लेखी २५० चा. नकोच. गल्लीत एक दिवा लागतो आणि विषय संपतो.

या सगळ्यात कुणीही लबाडी केलेली नाही. ताई काकांच्या दिव्याखाली मुलांना सोडतात आणि एक रुपयाही देत नाहीत, म्हणून त्यांना फ्री रायडर म्हणायचं, आपल्या भाषेत फुकट्या. पण त्यांचं गणित तपासलंत तर त्यात चूक सापडणार नाही. चूक त्यांच्या गणितात जे येतच नाही त्यात आहे. ताई दुसऱ्या दिव्याचा विचार करतात तेव्हा त्यांच्या वहीत फक्त त्यांचे ३५० असतात. त्याच दिव्यामुळे काकांना ४५० आणि आजींना २५० चा फायदा होणार असतो, पण तो ताईंच्या खिशात येत नाही, म्हणून वहीतही येत नाही. १०५० चं मोल असलेली वस्तू ५०० रुपयांत मिळत असताना ती घेतली जात नाही, कारण ते मोल तीन खिशांत वाटलेलं आहे आणि खर्च मात्र एकाच खिशातून जायचा आहे.

दुसरी पायरी जरा जास्त खट्याळ आहे. समजा, ताईंना पहिला दिवा ४०० ऐवजी ५५० चा वाटतो. आता काका आणि ताई, दोघांनाही तो एकट्याने परवडतो. तरीही दोघं वाट पाहतील. काकांनी लावला तर ताईंचे ५०० वाचतात, ताईंनी लावला तर काकांचे. दोघंही "बघू, पुढच्या महिन्यात" म्हणत राहिले तर जिथे एक दिवा सहज लागला असता तिथे एकही लागत नाही. हे गल्लीत घडतं तेव्हा लोकांना स्वभावाचा दोष दिसतो. खरं तर दोघांनी एकमेकांचा अंदाज अगदी बरोबर घेतलेला असतो.

तीन घरांत यावर तोडगा निघतो. काका ताईंना ओळखतात, वहिनी मध्ये पडतात, आजी एखादा टोमणा मारतात आणि काम होतं. तीनशे घरांत तसं होत नाही, आणि याचं कारण फक्त ओळख नसणं एवढंच नाही. तीनशे घरांत माझ्या एकट्याच्या वर्गणीने दिव्यांच्या संख्येत फरकच पडत नाही. मी दिले तरी दिवे तेवढेच, न दिले तरी तेवढेच, आणि मी दिले नाहीत हे बहुतेकांना कळणारही नाही. मॅन्कर ऑल्सन या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ मध्ये हाच मुद्दा विस्ताराने मांडला: गट जितका मोठा, तितकं समान हिताचं काम आपखुशीने होणं अवघड, मग ते काम प्रत्येकाला हवं असलं तरी. गणेशोत्सवाची वर्गणी मोठ्या कॉलनीतही बऱ्यापैकी जमते, याचं कारण त्या वर्गणीला पावती, मांडवातला फलक आणि आरतीच्या वेळची नजरानजर चिकटलेली असते. म्हणजे देणाऱ्याला सार्वजनिक वस्तूबरोबर थोडी खासगी वस्तूही मिळते, ती म्हणजे नाव. खांबावरच्या दिव्याला नाव चिकटत नाही. काही संघ खांबावर देणगीदाराची पाटी लावतात, ते त्यासाठीच.

तर गल्लीत एक दिवा लागला. लागायला किती हवे होते?

इथे बेरजेचा प्रश्न येतो, आणि नेहमीच्या बाजारातली बेरीज इथे उपयोगी पडत नाही. आपल्या ओळखीचीच वस्तू घ्या: पोहे. सकाळी ठेल्यावर पोह्यांच्या प्लेटचा भाव सगळ्यांना एकच असतो. त्या भावाला काका दोन प्लेटी घेतात, ताई एक, आजी अर्धी. ठेल्यावर किती पोहे हवेत? दोन, एक आणि अर्धी मिळून साडेतीन प्लेटी. भाव समान, नग वेगवेगळे, म्हणून नगांची बेरीज. आकृतीत किंमत उभ्या अक्षावर आणि नग आडव्या अक्षावर असतात, त्यामुळे ही बेरीज आडवी होते. प्रत्येक किमतीला सगळ्यांचे नग शेजारी शेजारी मांडत जायचं.

दिव्यांच्या बाबतीत नेमकं उलट आहे. गल्लीत चार दिवे असतील तर आजींना चार, काकांना चार, ताईंनाही चारच. आजींना दोन आणि ताईंना पाच असं करता येत नाही. नग सगळ्यांना समान असतात, वेगवेगळं असतं ते प्रत्येकाच्या लेखी त्या नगाचं मोल. म्हणून बेरीज मोलाची करायची. आकृतीत दिव्यांच्या प्रत्येक संख्येपाशी उभं राहायचं आणि तिथे आजींच्या आकड्यावर काकांचा, त्यावर ताईंचा आकडा रचायचा, एकावर एक. हीच उभी बेरीज. झाकलेला रकाना आता उघडा, तिथे ती आधीच केलेली आहे.

ही बेरीज सांगते की गल्लीला मिळून पुढचा एक दिवा कितीचा वाटतो. आता प्रत्येक दिव्यापाशी एकच तुलना करायची: गल्लीच्या लेखी मोल किती आणि खर्च किती. पहिला १३०० विरुद्ध ५००, लावा. दुसरा १०५०, लावा. तिसरा ८००, लावा. चौथा ५५० विरुद्ध ५००, थोडक्यात पण लावा. पाचवा ३०० विरुद्ध ५००, नको. उत्तर चार.

चौथ्या दिव्यापाशी क्षणभर थांबण्यासारखं आहे. आजींच्या लेखी तो १५० चा, काकांच्या १५० चा, ताईंच्या २५० चा. पाचशेच्या जवळपासही कुणी नाही. कुणाही एकाला विचारलंत तर तो म्हणेल, काही गरज नाही. तरीही तो लागला नाही तर गल्ली ५५० ची वस्तू ५०० ला सोडून देते. आणि आडवी बेरीज केली असती तर? ५०० रुपये भावाला आजींना शून्य, काकांना एक, ताईंना शून्य. बेरीज एक. दिवे जर घरातल्या पडवीत लावायचे असते, ज्याचा उजेड त्यालाच, तर एक हे उत्तर अगदी बरोबर होतं. परीक्षेत आडवी-उभीचा घोळ करणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणूनच नेमकं ते उत्तर मिळतं जे फुकटेपणा चालू ठेवून गल्लीला मिळालं होतं.

तोटा किती झाला? चार दिव्यांचं एकूण मोल ३७००, खर्च २०००, निव्वळ लाभ १७००. एका दिव्याचं मोल १३००, खर्च ५००, लाभ ८००. महिन्याला ९०० रुपयांचा फायदा गल्लीने अंधारात सोडून दिला.

बेरजेची ही कल्पना तशी जुनी आहे. हॉवर्ड बोवेन यांनी १९४३ मध्ये आणि पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये ती मांडली. सॅम्युएलसन यांचा लेख जेमतेम तीन पानांचा आहे, पण सार्वजनिक खर्चाचं आजचं शास्त्र त्याच्यावर उभं आहे. त्यांची अट एवढीच: सगळ्यांच्या लेखी पुढच्या नगाचं जे मोल, त्यांची बेरीज पुढच्या नगाच्या खर्चाइतकी होईपर्यंत जा. अर्धा किंवा पाव दिवा लावता येत नसल्यामुळे आपल्या गल्लीत बरोबरी तंतोतंत होत नाही, चौथ्यावर थोडं उरतं आणि पाचव्यावर बरंच कमी पडतं, एवढाच फरक.

उभी बेरीज करताना एका ठिकाणी हमखास पाय घसरतो. विद्यार्थी सोय म्हणून प्रत्येकाच्या आकड्यांचं सूत्र करतात. दिव्याच्या क्रमांकाला "द" म्हटलं तर आजींचं ३५० − ५०द, काकांचं ७५० − १५०द, ताईंचं ४५० − ५०द. मग तिन्ही सरळ जोडतात: १५५० − २५०द. चौथ्या दिव्याला हे ५५० देतं, पाचव्याला ३००. दोन्ही बरोबर. सहाव्याला मात्र ५० येतात, आणि वरच्या तक्त्यात २०० आहेत. दीडशे गेले कुठे? सूत्राने काकांना सहाव्या दिव्यासाठी उणे १५० धरलं. काकांना सहावा दिवा नको असेल, पण त्याचा त्यांना त्रास नाही. त्यांचं मोल शून्यावर थांबायला हवं होतं. म्हणून ज्या संख्येपाशी एखाद्याचं मोल शून्याला टेकतं तिथे बेरजेची रेघ मोडते आणि पुढे कमी उताराने जाते. खर्च ५०० असताना या चुकीने काही बिघडत नाही, कारण उत्तर त्या मोडीच्या अलीकडे आहे. पण स्वस्त सोलर दिव्यांमुळे खर्च १५० वर आला असं समजा. मग चुकीचं सूत्र पाचवर थांबतं आणि बरोबर उत्तर सहा असतं. सहावा दिवा एकट्या आजी आणि ताई मिळून पेलतात.

याची उलट बाजूही आहे, आणि पाठ्यपुस्तकात ती सहसा राहून जाते. समजा, सहावा खांब काकांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर येतो आणि रात्रभर उजेड डोळ्यांवर पडतो. मग उणे १५० हा त्यांचा खरा आकडा आहे, आणि बेरजेत तो उणेच धरला पाहिजे. बाजारात नको असलेली वस्तू आपण विकत घेत नाही, प्रश्न मिटला. रस्त्यावरचा दिवा मात्र नको असलेल्याच्याही डोळ्यांवर पडतो. तेव्हा शून्यावर थांबायचं की खाली जायचं, हे सूत्र सांगत नाही. ते खिडकीत जाऊन बघावं लागतं.

चार हे उत्तर मिळालं. पण महिन्याला २००० रुपये कुणी किती द्यायचे? बैठकीत खरं भांडण इथे सुरू होतं.

सगळ्यांत सोपी वाट म्हणजे समान वर्गणी. प्रत्येक दिव्याचे ५०० तीन घरांत वाटले की घरटी सुमारे १६७. आता मतदान घ्या. आजी म्हणतील तीन, कारण चौथा त्यांच्या लेखी १५० चा आणि त्यांचा वाटा १६७. काकाही त्याच कारणाने तीन. ताई पाच म्हणतील, पाचवाही त्यांना २०० चा आहे. बहुमताने तीन. चारच्या जागी तीन, म्हणजे गणिताच्या दृष्टीने चूक. पण चूक केवढी? तीन दिव्यांचा निव्वळ लाभ १६५०, चारचा १७००. पन्नास रुपयांचा फरक. आपखुशीवर सोडल्यावर ९०० गेले होते. हात वर करून घेतलेल्या निर्णयाला अर्थशास्त्राचे विद्यार्थी फार लवकर नावं ठेवतात असं मला नेहमी वाटतं. ज्या ठिकाणी कुणाचाच आकडा इतरांपेक्षा अवाच्या सवा वेगळा नसतो, तिथे समान वर्गणी आणि बहुमत हे उत्तराच्या बरंच जवळ नेऊन सोडतं. बोवेन यांच्या लेखातला मुद्दा जवळपास हाच होता. आकडे एकीकडे झुकलेले असले की मात्र ते फसतं. दहा घरांपैकी नऊ घरांना दिवा वीस रुपयांचा आणि एकाला हजाराचा वाटत असेल, तर मतदान त्या एकाचं ऐकणार नाही.

दुसरी वाट स्वीडनच्या एरिक लिंडाल यांनी १९१९ मध्ये सुचवली. प्रत्येकाला वेगळा भाव लावायचा, आणि तो असा की आपापल्या भावाला सगळ्यांना नेमके तेवढेच दिवे हवे वाटावेत. आपल्या गल्लीत दर दिव्याला आजींना १४०, काकांना १३५ आणि ताईंना २२५ लावा. बेरीज ५००, खर्च निघाला. आता विचारा. आजी: चौथा १५० चा, भाव १४०, हवा. पाचवा १०० चा, नको. काका: चौथा १५० चा, भाव १३५, हवा. पाचवा नको. ताई: चौथा २५० चा, भाव २२५, हवा. पाचवा २००, नको. तिघंही एकमुखाने चार म्हणतात. पोह्यांच्या ठेल्यावर भाव एक आणि नग अनेक होते, इथे नग एक आणि भाव अनेक आहेत.

या वाटणीत एक गंमत आहे. दिव्यांचा सगळ्यांत जास्त फायदा काकांना होतो, एकूण १५०० चा. तरी त्यांचा भाव सगळ्यांत कमी. कारण भाव एकूण फायद्यावर ठरत नाही, शेवटच्या दिव्याच्या मोलावर ठरतो, आणि चौथ्या दिव्यापर्यंत काकांची भूक भागत आलेली असते. आता ताईंचं बघा. त्या चार दिव्यांसाठी ९०० देतात, त्यांना मिळतं १३०० चं, निव्वळ ४००. आणि काकांचा एकटा दिवा फुकट वापरत होत्या तेव्हा? तेव्हाही निव्वळ ४००. गल्लीचा लाभ दुपटीहून जास्त झाला, ताईंचा एक पैसाही वाढला नाही. बैठकीत ताई या योजनेला हात का वर करत नाहीत, याचं उत्तर त्यांच्या स्वभावात शोधू नका.

पण लिंडाल यांच्या वाटेतला मोठा खड्डा वेगळाच आहे. भाव ठरवायला प्रत्येकाचा खरा आकडा कळायला हवा, आणि तो फक्त त्या माणसालाच माहीत असतो. समजा, ताई बैठकीत सांगतात, "मला काही फारसं नाही हो, मुलांकडे मोबाइलची बॅटरी असतेच." आणि आपले आकडे २००, १५०, १००, ५० असे देतात. आता उभी बेरीज होते ११००, ८५०, ६००, ३५०. दिवे तीनच लागतात. तिसऱ्या दिव्यापाशी सांगितलेले आकडे २००, ३०० आणि १००, त्या प्रमाणात भाव साधारण आजींना १६५, काकांना २५०, ताईंना ८५. ताईंना तीन दिवे मिळाले, त्यांच्या मनातल्या हिशेबाने १०५० चे, आणि द्यावे लागले २५५. निव्वळ ७९५. खरं बोलल्या असत्या तर ४००. एका साळसूद वाक्याने त्यांचा फायदा जवळपास दुप्पट झाला, एक दिवा कमी झाला आणि काकांचा भाव १३५ वरून २५० वर गेला. मग काकाही पुढच्या वेळी तेच करणार. म्हणजे फुकटेपणा दारातून हाकलला तर खिडकीतून आत आला. आधी लोक पैसे देत नव्हते, आता खरी माहिती देत नाहीत.

आणि भावच मागणार नाही असं सांगितलं तर आकडे उलट्या दिशेने फुगतात. "दिवे निगम लावणार, तुमची गरज सांगा" असं विचारा, गल्ली दहा दिवे मागेल. म्हणून नुसत्या गरजांच्या यादीवरून किंवा नुसत्या सर्वेक्षणावरून उभी बेरीज करता येत नाही. उत्तराचा माझ्या खिशाशी संबंध कसा आहे, त्यावर उत्तर वाकतं. कोणत्या दिशेने वाकेल हे ओळखायची खूण सोपी आहे: सांगितलेल्या आकड्यावर माझी वर्गणी ठरणार असेल तर तो कमी येतो, दुसऱ्याच्या पैशाने काम होणार असेल तर जास्त.

यातून सुटायची एक युक्ती एडवर्ड क्लार्क यांनी १९७१ मध्ये मांडली. वर्गणी आधीच समान ठरवून टाकायची, १६७ घरटी. मग फक्त चौथ्या दिव्याबद्दल विचारायचं: वाटा वजा जाता तुम्हाला किती नफा किंवा तोटा? आजी म्हणतात १७ तोटा, काका १७ तोटा, ताई ८३ नफा. बेरीज सुमारे ५० नफा, दिवा लावा. पण निकाल ताईंमुळे फिरला. त्या नसत्या तर उरलेल्या दोघांचा मिळून ३४ तोटा, दिवा लागला नसता. म्हणून ताईंनी ३४ रुपये जादा भरायचे, जेवढी त्यांनी इतरांची गैरसोय केली तेवढे. आता ताईंनी ८३ ऐवजी ५०० सांगितले तरी दंड ३४ च राहतो, कारण तो इतरांच्या आकड्यांवरून ठरतो. ३४ पेक्षा कमी सांगितले तर दिवा जातो आणि ८३ चा नफा बुडतो. खोटं बोलून मिळवण्यासारखं काही उरत नाही. अडचण ही की ते ३४ रुपये आजी आणि काकांना देता येत नाहीत. ते मिळणार म्हटलं की तेही आपला तोटा फुगवून सांगतील. ते गल्लीबाहेर जायला हवेत. शिवाय दोघांनी आधी संगनमत केलं तर युक्ती कोलमडते. आणि "तुमच्यामुळे निकाल फिरला म्हणून भरा" हे कुठल्याही संघाच्या सचिवाने बैठकीत म्हणून दाखवावं, मी चहाचा खर्च करायला तयार आहे.

कॉलनी शेवटी निगमाकडे जाते तेव्हा यातला एक प्रश्न सुटतो आणि दुसरा तसाच राहतो. पैशाचा सुटतो, कारण मालमत्ता कर आपखुशीचा नसतो. काका, ताई, आजी, तिघांनाही तो भरावा लागतो, आणि "बघू पुढच्या महिन्यात" म्हटलं तर थकबाकी चढते. पण चौथा दिवा ५५० चा आहे की ३५० चा, हे निगमाच्या अभियंत्यालाही माहीत नसतं. तो कुणाला विचारतही नाही. तो रस्त्याची रुंदी, खांबाची उंची आणि रस्त्याचा प्रकार बघतो आणि ठरलेल्या मानकानुसार खांबांमधलं अंतर काढतो. आजींचं देऊळ, काकांचं गिऱ्हाईक आणि ताईंची मुलं त्या हिशेबात येत नाहीत. अंतरावरून येणारी संख्या कधी तीन निघते, कधी सहा. गल्लीची उभी बेरीज चारला थांबते हे कळायचा त्याच्याकडे एकच मार्ग उरतो: दिवे लागल्यावर कुठल्या खांबाखालून तक्रार येते आणि कुठल्या खिडकीतून.